एकच कास्टिंग, दोन नफे: फौंड्रीनं आपल्याच मशीन शॉपला माल कोणत्या दरानं द्यावा?

शिरोलीत फौंड्री आणि गोकुळ शिरगावात मशीन शॉप. कंपनी एकच, घरही एकच. थोरला भाऊ फौंड्री बघतो, धाकटा मशीन शॉप. फौंड्रीत ओतलेलं ब्रॅकेट टेम्पोतून मशीन शॉपला जातं, तिथं व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर त्याचं मिलिंग, ड्रिलिंग होतं आणि तयार पार्ट ट्रॅक्टर कंपनीला जातो. दोघांचा हिशेब वेगळा ठेवलेला, कारण वडिलांना कळायला हवं की कुठलं युनिट कमावतंय आणि कुठलं नाही. वर्षभर सगळं नीट चाललं. मग एक दिवस धाकट्याचा फोन आला, "दादा, बाहेर नव्वदनं मिळतंय. तुझ्याकडनं शहाण्णवनं कशाला घेऊ?" आणि थोरला म्हणाला, "माझी भट्टी रिकामी पडलीया आणि तू बाहेरचा माल उतरवून घेतोस व्हय?"

हे दोन भाऊ मी समजावण्यासाठी उभे केलेत आणि आकडेही सोपे जावेत म्हणून गोल धरलेत. पण कोल्हापुरात कॉस्टिंगचं काम करताना हा वाद मी निरनिराळ्या घरांत इतक्यांदा ऐकलाय, की त्यातलं वाक्य न् वाक्य ओळखीचं झालंय. एका फर्मच्या एका विभागानं दुसऱ्या विभागाला माल दिला, तर त्या मालाला जो दर लावला जातो, त्याला ट्रान्सफर प्राइस म्हणतात. आपण त्याला अंतर्गत दर म्हणू.

आधी थोरल्याचा हिशेब बघू. ब्रॅकेटचं वजन १० किलो. किलोमागं पिग आयर्न, स्क्रॅप, वीज, रेझिन, वाळू, फेटलिंग असा ओतलं तरच होणारा खर्च ७० रुपये. याला बदलता खर्च म्हणू. याशिवाय पगार, कर्जाचं व्याज, घसारा, विजेचा डिमांड चार्ज असा भट्टी पेटो वा न पेटो, होणारच असा खर्च महिन्याला ३६ लाख. फौंड्री महिन्याला २०० टन ओतते, तेव्हा तो किलोमागं १८ रुपये पडतो. म्हणजे एकूण ८८. त्यावर ८ रुपये नफा धरून तो बाहेरच्या गिऱ्हाइकाला ९६ नं देतो, आणि भावालाही ९६ नंच.

धाकट्याकडं तयार पार्ट १,४०० रुपयांना विकला जातो. मशिनिंगचा बदलता खर्च २६० आणि त्याचा स्थिर खर्च नगामागं १००. कास्टिंग ९६० ला आलं, तर नगामागं ८० रुपये उरतात. थोरल्यालाही नगामागं ८०. दोघं समसमान, वडील खूश.

आता नुसता अंतर्गत दर बदलून बघा. ८८ केला, तर थोरल्याचा नफा शून्य आणि धाकट्याचा १६०. ८० केला, तर थोरला नगामागं ८० रुपये तोट्यात आणि धाकटा २४० नफ्यात. घराला मिळणारे पैसे तिन्ही वेळा १६० च. दर बदलल्यानं ना एक किलो जास्त ओतलं गेलं, ना एक भोक जास्त पाडलं गेलं. तरीही एका कागदावर फौंड्री उत्तम चालल्याचं दिसतं आणि दुसऱ्यावर ती बंद करावीशी वाटते. म्हणून "फौंड्री तोट्यात आहे" असं कुणी म्हणालं, की माझा पहिला प्रश्न असतो: स्वतःच्या मशीन शॉपला कितीनं देता?

इथवर फक्त कागदाचा खेळ आहे. खरं नुकसान सुरू होतं ते धाकट्यानं त्या कागदावर विसंबून निर्णय घेतला की.

बाजार मंद आहे, दुसऱ्या एका फौंड्रीची भट्टी रिकामी आहे, तिनं ९० चा दर दिला. धाकट्याला महिन्याला ५,००० नग, म्हणजे ५० टन माल लागतो. किलोमागं ६ रुपये वाचले, महिन्याला ३ लाख. त्याच्या कागदावर हा निर्णय बिनचूक आहे. त्यानं ऑर्डर बाहेर दिली.

पण थोरल्याची भट्टीही मंदीमुळं रिकामीच होती. त्याचे ५० टन गेले. त्याचा बदलता खर्च वाचला, स्थिर खर्च मात्र तसाच राहिला. ९६ उणे ७०, म्हणजे किलोमागं २६ रुपये गेले. महिन्याला १३ लाख. धाकट्याचे ३ लाख वाचले, थोरल्याचे १३ लाख गेले, घराचे १० लाख बुडाले. पडताळा सोपा आहे. घरात ओतायला खिशातून ७० जाणार होते, बाहेर ९० गेले. किलोमागं २० गुणिले ५०,००० किलो. तेच १० लाख.

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. फौंड्री आता २०० ऐवजी १५० टन ओतते. तेच ३६ लाख १५० टनांवर वाटले, की किलोमागं १८ चे २४ होतात. एकूण खर्च ८८ वरून ९४. त्यावर पूर्वीचेच ८ रुपये नफा धरला, तर थोरला पुढच्या महिन्यात भावाला १०२ चा दर देतो. धाकटा म्हणतो, बघा, मी म्हणत होतोच की आपली फौंड्री महाग आहे. मग राहिलेले दोन-चार पार्टही बाहेर जातात. टनेज आणखी घटतं, दर आणखी वाढतो. यात लबाड कुणीच नसतो. दोघंही आपापल्या कागदाशी इमान राखून असतात. चूक आहे ती दर ठरवण्याच्या पद्धतीत, कारण त्या ९६ मध्ये घराचा स्थिर खर्च असा मिसळून टाकलाय, की धाकट्याला तो स्वतःच्या हातानं वाचवता येणारा खर्च वाटतो.

मग बरोबर दर कुठला? दोन टोकं शोधायची. खालचं टोक विकणाऱ्याचं: त्याचा बदलता खर्च, अधिक हा माल घरात दिल्यामुळं त्याचं बाहेरचं जे उत्पन्न बुडतं ते. वरचं टोक घेणाऱ्याचं: बाहेर तोच माल जितक्याला मिळतो तितकं. भट्टी रिकामी असेल, तर बाहेरचं काहीच बुडत नाही, म्हणून खालचं टोक ७० आणि वरचं ९०. यामधला कुठलाही दर चालेल, माल घरातच ओतला जावा. पण हंगाम चांगला असेल, भट्टी भरलेली असेल आणि बाहेरचं गिऱ्हाईक ९६ नं न्यायला दारात उभं असेल, तर भावाला दिलेल्या प्रत्येक किलोमागं २६ रुपयांचं बाहेरचं उत्पन्न बुडतं. तेव्हा खालचं टोक ७० अधिक २६, म्हणजे ९६, आणि वरचं ९०. खालचं टोक वरच्याच्या वर गेलं. याचा अर्थ दोघांमध्ये जुळणारा दरच नाही, आणि तेच योग्य आहे: धाकट्यानं ९० नं बाहेरून घ्यावं, थोरल्यानं ९६ नं बाहेर विकावं, घराचे महिन्याला ३ लाख वाचतात. "घरचा माल घरातच" हा नियम म्हणून बरोबर नाही. भट्टीत जागा आहे की नाही, यावर तो अवलंबून आहे. त्यामुळं अंतर्गत दर वर्षातून एकदा ठरवून विसरून जाण्याची गोष्ट नाही.

बऱ्याच ठिकाणी दर ठरतो तो "झालेला खर्च अधिक १० टक्के" असा. मला ही पद्धत सगळ्यांत धोक्याची वाटते. समजा, इंडक्शन फर्नेसला एक टन वितळवायला ६०० युनिट लागायला हवेत आणि अस्तर खराब झाल्यामुळं, झाकण उघडं राहिल्यामुळं ७०० लागायला लागले. वाढलेलं बिल अंतर्गत दरात जातं, भाऊ ते भरतो, आणि वर थोरल्याला त्या वाया गेलेल्या विजेवर १० टक्के नफाही मिळतो. अस्तराकडं बघायची त्याला घाई कशी वाटणार? म्हणून दरात खर्च धरायचाच असेल, तर तो प्रत्यक्ष झालेला नको, ठरवलेला हवा: टनाला इतके युनिट, इतकी रिजेक्शन, इतकं रेझिन. त्यावर जे जास्त जाईल, ते थोरल्याच्या कागदावर. पिग आयर्न आणि स्क्रॅपचे बाजारभाव मात्र त्याच्या हातात नाहीत, ते दर महिन्याला बदलून घ्यायचे.

अशा घरांना मी सहसा दोन तुकड्यांचा दर सुचवतो. किलोमागं ठरवलेला बदलता खर्च, म्हणजे ७० रुपये, आणि त्याशिवाय दर महिन्याला एक ठोक रक्कम. धाकट्यानं वर्षासाठी २०० पैकी ५० टन क्षमता राखून ठेवली, म्हणजे पाव भट्टी. मग स्थिर खर्चाचा पाव हिस्सा, महिन्याला ९ लाख, त्यानं द्यायचा. माल उचलो वा न उचलो. थोरल्याला त्यावर थोडा नफा हवा असेल, तर तोही या ठोक रकमेतच मिळवायचा, किलोच्या दरात नाही. आता बाहेरून ९० चा दर आला, की धाकटा त्याची तुलना ७० शी करतो. ९ लाख तर द्यायचेच आहेत. तो आपोआप घराच्या फायद्याचा निर्णय घेतो, कुणी दटावावं लागत नाही. आणि भट्टी भरलेली असेल, तर त्याच्या राखीव टनेजपैकी काही भाग थोरला बाहेरच्या गिऱ्हाइकासाठी परत मागून घेऊ शकतो, त्या बदल्यात ठोक रकमेत सूट देऊन. या पद्धतीत भांडण संपत नाही हेही खरं. ते वर्षाच्या सुरुवातीला, किती टन राखायचे यावर होतं. पण तिथं ते झालेलं बरं.

दर ठरवताना एक गोष्ट नेहमी विसरली जाते, ती रिजेक्शनची. ब्लो होल, म्हणजे ओतताना वायू अडकून राहिलेली पोकळी, बऱ्याचदा कातडीखाली असतं. कास्टिंग वरून स्वच्छ दिसतं, व्हीएमसीवर २०० रुपयांचं मशिनिंग झाल्यावर भोक उघडं पडतं. फौंड्री म्हणते, दुसरं कास्टिंग देतो. मशीन शॉप म्हणतं, माझे २०० कोण देणार? बाहेरचं गिऱ्हाईक असतं, तर डेबिट नोट आली असती. घरात ती येत नाही, म्हणून नुकसान मशीन शॉपच्या कागदावर पडून राहतं आणि वाळूतला ओलावा तपासायची तातडी फौंड्रीला वाटत नाही. उलट्या दिशेनं मशीन शॉपमधून निघणारं बोरिंग, म्हणजे लोखंडाचा चुरा, फौंड्रीत परत वितळायला जातं, तेही बऱ्याचदा फुकट. दोन्हींना दर लावा. रक्कम छोटी दिसते, पण कुणी सुधारायचं हे त्यावरून कळतं.

आता कर. इथं बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. दोन्ही युनिटं एकाच कंपनीत असतील, तर अंतर्गत दर ७० ठेवा नाहीतर १७०, आयकरात फरक पडत नाही. आयकर कंपनीच्या एकूण नफ्यावर लागतो, आणि तो नगामागं १६० च आहे. (एका युनिटला करसवलत असेल तर गोष्ट वेगळी, त्याकडं येतो.) एका युनिटचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून आपोआप वजाही होतो.

चित्र बदलतं ते दोन कंपन्या झाल्यावर. २०१९ साली आयकर कायद्यात ११५बीएबी कलम आलं. १ ऑक्टोबर २०१९ ला किंवा त्यानंतर नोंदलेल्या आणि ३१ मार्च २०२४ पर्यंत उत्पादन सुरू केलेल्या नव्या उत्पादक कंपनीला १५ टक्के दर. अधिभार आणि उपकर धरून १७.१६ टक्के. जुन्या कंपनीनं ११५बीएए कलम निवडलं असेल, तर तिला २२ टक्के, अधिभार-उपकर धरून २५.१६८. (१ एप्रिल २०२६ पासून अंमल असलेल्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदललेत.) जुन्या धंद्याचे दोन तुकडे करून ही सवलत घेता येत नाही, जुनी यंत्रंही फार चालत नाहीत. म्हणून समजा, आपल्या धाकट्यानं कागलच्या पंचतारांकित वसाहतीत नवी कंपनी काढली, नव्या मशीनवर २०२३ मध्ये काम सुरू केलं, आणि ब्रॅकेटचं मशिनिंग तिथं नेलं.

आता फौंड्रीनं दर जितका कमी लावावा, तितका नफा २५.१६८ च्या घरातून १७.१६ च्या घरात जातो. फरक सुमारे ८ टक्के. वर्षाला ६ लाख किलो माल. दर ९६ चा ८६ केला, की ६० लाख नफा सरकतो आणि सुमारे ४ लाख ८० हजार कर वाचतो. मोह होतो.

कायद्यानं हा मोह आधीच ओळखलाय. त्याच कलमात म्हटलंय की दोन जवळच्या संबंधातल्या व्यक्तींनी व्यवहार असा बेतला असेल, की नव्या कंपनीला नेहमीपेक्षा जास्त नफा व्हावा, तर करअधिकारी वाजवी नफा किती ते ठरवेल आणि त्यावरचा जादा नफा ३० टक्के दरानं करपात्र होईल. अधिभार-उपकर धरून ३४.३२ टक्के. ते ६० लाख पूर्ण जादा ठरले, तर कर होतो २० लाख ५९ हजार. फौंड्रीतच ठेवले असते, तर १५ लाख १० हजार लागला असता. म्हणजे ४ लाख ८० हजार वाचवायला गेलेला माणूस सुमारे साडेपाच लाख जास्त भरतो, व्याज वेगळं. आणि फौंड्रीनं आधीच कमी दर लावून आपल्या पुस्तकात तोटा दाखवलेला असतो. त्याचा दाखला बँकेत सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाच्या, नूतनीकरणाच्या वेळी मिळतो.

असे विशिष्ट देशांतर्गत व्यवहार वर्षाला २० कोटींच्या वर गेले, की बाजारातला दर सिद्ध करणारी कागदपत्रं आणि सीएच्या अहवालाचा फॉर्म लागतो. आपलं उदाहरण पावणेसहा कोटींचं आहे, फॉर्म लागत नाही. पण वाजवी नफ्याची तपासणी रकमेवर थांबत नाही, हे बरेच जण विसरतात.

मग बाजारातला दर कुठला? ९६ की ९०? या प्रश्नाचा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला एक निकाल आपल्या भागातल्या साखर कारखान्यांनाही जवळचा आहे, कारण तिथंही बगॅसवर वीज होते आणि ती कारखाना स्वतः वापरतो. डिसेंबर २०२३ मध्ये जिंदाल स्टील अँड पॉवरच्या खटल्यात प्रश्न होता: कंपनीच्या वीज युनिटला ८०आयए कलमाखाली करसवलत, तर त्यानं आपल्याच पोलाद युनिटला दिलेल्या विजेचा बाजारभाव किती? कंपनीनं ३ रुपये ७२ पैसे धरला होता, वीज मंडळ ज्या दरानं उद्योगांना विकत होतं तो. आयकर विभागाचं म्हणणं होतं २ रुपये ३२ पैसे, मंडळ कंपनीकडून ज्या दरानं जादा वीज घेत होतं तो. न्यायालयानं ३.७२ मान्य केला. मंडळाला विकताना कंपनीला दुसरा पर्याय नव्हता, तो दर मोकळ्या बाजारात ठरलेला नव्हता. उलट ती वीज नसती, तर पोलाद युनिटला मंडळाकडून त्याच दरानं घ्यावी लागली असती. म्हणजे कंपनी एकच असली, तरी एका युनिटला सवलत असेल तर अंतर्गत दर कराला भिडतो. आणि बाजारभाव म्हणजे अडलेल्याचा दर नव्हे.

आपल्या ब्रॅकेटला हे लावून बघा. ९० हे मंदीत एका रिकाम्या भट्टीनं दिलेलं कोटेशन आहे. ९६ हा फौंड्री त्याच ग्रेडचं, तशाच वजनाचं कास्टिंग बाहेरच्यांना बिलावर देते तो दर. पुरावा म्हणून बिल कोटेशनपेक्षा भारी. त्यात फरक समजून घ्यायचे: पॅटर्न, म्हणजे साचा पाडायचा नमुना, कुणाचा, वाहतुकीचं भाडं कुणाकडं, पैसे ३० दिवसांत की ९० दिवसांत, मशिनिंगनंतरच्या रिजेक्शनचा बोजा कुणावर. बाहेरच्याला ९० दिवसांची उधारी आणि भावाला लगेच पैसे, तर भावाचा दर एक-दोन रुपयांनी कमी असणं समजण्यासारखं आहे. दहा रुपयांनी कमी, हे नाही.

जीएसटीनं मात्र दोन कंपन्यांत फार फरक पडत नाही. घेणाऱ्याला भरलेल्या कराचं पूर्ण क्रेडिट मिळत असेल, तर बिलावरची किंमतच बाजारमूल्य मानली जाते. पण म्हणून आयकरातही ती मानली जाईल, असं नाही.

इथं दोन कामं एकमेकांविरुद्ध जातात. भट्टी रिकामी असताना धाकट्याला योग्य निर्णय घ्यायला ७० दिसायला हवेत, आणि बिल ९५-९६ चं हवं. एका आकड्यानं दोन्ही जमत नाही. म्हणून बिल बाजारभावानंच करावं आणि घरातल्या बैठकीसाठी वेगळा कागद ठेवावा, ज्यात ७० आणि ९ लाख अशी मांडणी असेल. यात लपवण्यासारखं काही नाही. कर बिलावरच ठरतो आणि घरचा कागद फक्त निर्णयासाठी असतो. तो कशासाठी आहे, हे त्याच्या डोक्यावर लिहून ठेवा.

मी फाइल उघडतो, तेव्हा आधी तीन जागा बघतो. मार्चमध्ये वर्षभराचा दर एकदम बदलणारी क्रेडिट नोट आहे का? असेल, तर दर मालाचा नव्हता, नफ्याचा होता, असं कुणालाही वाटेल. दुसरं, सवलतीच्या कंपनीचा नफ्याचा टक्का तसंच काम करणाऱ्या बाहेरच्या मशीन शॉपपेक्षा खूप वर आहे का? आणि तिसरं, फौंड्रीनं त्याच महिन्यात बाहेरच्याला आणि भावाला केलेली दोन बिलं शेजारी ठेवून फरक एका वाक्यात सांगता येतो का? थोरल्यानं "पॅटर्न त्याचा आहे आणि पैसे तो आठवड्यात देतो" एवढं म्हटलं आणि तसं बिलांवर दिसलं, तर मी पुढचं पान उलटतो.